गासड्या की बिलं?

शॉर्टहँडच्या वहीचा फोटो पाहणाऱ्याला पहिली शंका येते ती अशी, की हे सगळं उलगडलं तर आत काहीतरी मोठं दडलेलं निघेल. माझ्या भाचीलाही तसंच वाटलं होतं. तिचे आजेसासरे काळबादेवीच्या एका कापसाच्या पेढीवर स्टेनो होते. जुन्या ट्रंकेत त्यांची एक डिक्टेशनची वही सापडली. तिने मोबाइलवर पानांचे फोटो काढले आणि मला पाठवून दिले. सोबत निरोप होता, ‘आत्या, तू एवढी वर्षं स्टेनो होतीस, वाचून टाइप करून दे ना. घरातल्या सगळ्यांसाठी छोटं पुस्तक करायचंय.’

आत पत्रंच निघाली. मालकांनी सांगितलेली, व्यापाऱ्यांना लिहिलेली इंग्रजी पत्रं. मला त्यात नवल वाटलं नाही, कारण स्टेनोच्या वहीत दुसरं काय असणार? पण त्यातलं एक पान घेऊन मी बरेच दिवस बसले आणि या लेखात त्या एकाच पानाबद्दल सांगणार आहे. पान वाचता येतं की नाही, एवढाच प्रश्न असता तर सोपं होतं. खरी अडचण वेगळी होती. जे अर्धवट वाचता येतं, ते लिहून कसं ठेवायचं?

ज्यांनी शॉर्टहँड शिकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आयझॅक पिटमनने 1837 साली काढलेली पद्धत उच्चारावर चालते, स्पेलिंगवर नाही. प्रत्येक व्यंजनाला एक स्ट्रोक. जोडीतल्या व्यंजनांना एकच रेघ, फक्त एक बारीक आणि एक जाड. पी आणि बी दोन्ही वरून खाली, डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या तिरक्या रेघा. पी हलक्या हाताने, बी दाब देऊन. टी आणि डी उभ्या, के आणि जी आडव्या, तोच हिशोब. स्वर म्हणजे शेजारी दिलेले ठिपके आणि छोट्या रेघा. पण मिनिटाला शंभर शब्दांच्या वेगात ते कोण देत बसतं? म्हणून स्वर गाळायचे आणि त्याऐवजी शब्दाची जागा बदलायची, म्हणजे ज्याला आम्ही पोझिशन म्हणायचो. शब्दातला पहिला स्वर कुठल्या गटातला आहे, त्यावरून शब्दाची आकृती, म्हणजे आउटलाइन, ओळीच्या वर, ओळीवर टेकून किंवा ओळीला छेदून लिहायची, म्हणजे पहिली, दुसरी आणि तिसरी जागा.

आता एक छोटीशी आउटलाइन घ्या. पीचा स्ट्रोक नेहमीच्या निम्म्या लांबीचा काढला की त्यात टी आपोआप मिळतो. ही निम्मी रेघ ओळीच्या वर असली तर पॅट किंवा पॉट, ओळीवर असली तर पेट किंवा पिट, कारण निम्म्या रेघेला आरपार जागा नसते. तीच रेघ जाड असली तर वर बॅड, ओळीवर बेड किंवा बिड. म्हणजे एक रेघ, तिची जाडी आणि तिची उंची मिळून शब्द ठरतो. फोटोत हीच दोन बिचारी सगळ्यात आधी मरतात. मोबाइलचा फ्लॅश जाड-बारीक सारखं करून टाकतो, आणि वहीच्या फिकट निळ्या ओळी तर कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. कुणी फोटो ‘स्वच्छ’ करायला कॉन्ट्रास्ट वाढवला की उरल्यासुरल्या ओळीही जातात. मग कागदावर शाईच्या आकृत्या राहतात, पण त्यांच्या पायाखालची जमीन गेलेली असते.

भाचीचं पान सुदैवाने शाईच्या टाकाने लिहिलेलं होतं. बॉलपेनने लिहिलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. त्यात जाड-बारीक जवळजवळ नसतंच. तिथे टीची बारीक रेघ म्हणजे ‘इट’ आणि डीची जाड रेघ म्हणजे ‘डू’ हा फरक वाचणाऱ्याला संदर्भावरूनच ओळखावा लागतो. लिहिणाऱ्याला ते चालायचं, कारण तो त्याच दुपारी टाइप करायला बसायचा आणि डिक्टेशन अजून कानात घुमत असायचं. अनोळखी माणसाने पुष्कळ वर्षांनी वाचावं यासाठी ते लिहिलेलंच नसायचं. हे लक्षात ठेवलं की अर्धा हट्ट कमी होतो.

पानाच्या चौथ्या ओळीत आकड्यांत 50 लिहिलं आहे. आकडे शॉर्टहँडमध्येही आकड्यांतच लिहायचो आम्ही, त्यामुळे ते लगेच ओळखू येतात. त्या 50 च्या पुढे एक आउटलाइन आहे: बी, त्याला जोडून वर चढणारा एल आणि शेवटी एसचं लहानसं वर्तुळ. बीची रेघ जाडच आहे, त्यात वाद नाही. मग शब्द काय? ओळीवर टेकलेली असेल तर बेल्स, म्हणजे कापसाच्या गासड्या. ओळीला छेदत असेल तर बिल्स. ओळीच्या वर असेल तर बॉल्स, पण पेढीवर चेंडू कोण पाठवणार, म्हणून तो पर्याय सोडून देते. सोडला, पण तो का सोडला हे लिहून ठेवलं आहे. तो मी आकृतीवरून सोडला नाही, समजुतीवरून सोडला. ही दोन कारणं वेगळी आहेत आणि नोंदीतही वेगळी दिसली पाहिजेत.

‘50 बेल्स’ हे इतकं स्वाभाविक वाटतं की हात आपसूक टाइप करायला जातो. कापसाची पेढी आहे, गासड्याच पाठवणार. भाचीही फोनवर म्हणाली, ‘अगं, गासड्याच असणार, बिलं कुणी पन्नास पाठवतं का?’ का नाही पाठवणार? महिन्याअखेरीस दलालाकडे बिलांचा गठ्ठा जाणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. वाक्यात पुढे ‘पाठवत आहोत’ हे दिसतं, आणि गासड्या पाठवतात तशी बिलंही पाठवतात. संदर्भ दोन्हींना तितकाच हो म्हणतो. संदर्भ जेव्हा दोघांनाही हो म्हणतो, तेव्हा त्याने काहीच सांगितलेलं नसतं. हे एकदा समोर मांडलं की गासड्यांचा ओढा आपल्या मनातला आहे, कागदातला नाही, हे दिसायला लागतं.

म्हणून ओळ शोधायला बसले. पिटमनचा पूर्ण स्ट्रोक साधारण एक इंचाच्या सहाव्या भागाएवढा, म्हणजे चारएक मिलिमीटर असतो. ओळीवर टेकलेला आणि ओळीने मधोमध छेदलेला यात फरक पडतो तो त्याच्या निम्मा, दोन मिलिमीटरचा. सगळा निकाल त्या दोन मिलिमीटरांवर. वहीची छापील ओळ शब्दांखाली दिसत नव्हती, पण डाव्या आणि उजव्या समासात फिकट दिसत होती. फोटो मोठा करून मी दोन टोकांना जोडणारी रेघ काढली. पण पान शिवणीकडे वाकलं आहे, त्यामुळे खरी ओळ सरळ नाही. शिवणीकडे ती वर चढते. रेघ मधोमध चुकते, आणि पन्नासचं ठिकाण नेमकं मधोमध आहे.

दुसरा उपाय शेजाऱ्यांचा. त्याच ओळीत एक ‘इट’ आहे, टीची एकच उभी रेघ, आणि ती ओळीवर टेकतेच. तिचा पाय जिथे आहे तिथे ओळ आहे, असं धरता येतं. त्या पायापासून बीच्या पायापर्यंत आडवं पाहिलं तर बीचा पाय किंचित खाली उतरतो. म्हणजे बिल्स? इतक्या लवकर नको. कारण त्याच पानावर सातव्या ओळीत हीच आउटलाइन पुन्हा येते आणि तिथे ठिपकाही दिलेला आहे, बीच्या शेजारी, मधोमध. मधोमध जाड ठिपका म्हणजे ‘ए’, म्हणजे बेल्स, नक्की. आणि तिथेही बीचा पाय ओळीच्या किंचित खालीच आहे. थोडक्यात, या माणसाचा हात घाईत खाली सरकायचा. शाळेतल्या पुस्तकात ओळीवर म्हणजे ओळीवर. पण माणसाच्या हातात ओळीवर म्हणजे ओळीच्या आसपास. सातव्या ओळीतल्या ठिपक्यामुळे एवढं कळलं की ‘किंचित खाली’ हा बिल्सचा पुरावा नाही. तो बेल्सचाही पुरावा नाही.

यावर मला सगळ्यात उपयोगी पडलं ते पानावरचं तिसरं ठिकाण. अकराव्या ओळीत हीच आउटलाइन स्पष्ट आरपार गेली आहे आणि तिच्यानंतर ‘पेड’ आहे. तिथे बिल्स. तेव्हा या माणसाच्या हातात बिल्स किती खाली जातं आणि बेल्स किती खाली सरकतं, दोन्ही मापं मिळाली. चौथ्या ओळीतली आकृती या दोन मापांच्या मध्ये पडते. मी हे सगळं सांगितलं तेव्हा भाची म्हणाली, ‘एवढं करूनही तू सांगणारच नाहीस का?’ मी सांगणार होते. काय सांगायचं तेच ठरत होतं.

शेवटी मी नोंद तीन भागांत केली. पहिल्यात डोळ्यांना काय दिसतं, फक्त स्ट्रोक, तेही जाड-बारीक खात्री असेल तरच. दुसऱ्यात जागा, आणि ती कशावरून ठरवली. तिसऱ्यात शब्द. शब्दाच्या रकान्यातली गोष्ट पहिल्या रकान्यात कधीही मागे सरकू द्यायची नाही. बेल्स वाचायचं ठरवलं म्हणून पहिल्या रकान्यात ‘ठिपका असावा’ असं लिहिलं की खेळ संपला. नोंद अशी दिसते:

```
फोटो 12 | ओळ 4 | आउटलाइन 6
दिसतं  : बी (जाड) + एल (वर) + एस वर्तुळ, स्वर नाही
जागा   : 2 किंवा 3 (ओळ 7 आणि ओळ 11 यांच्या मध्ये)
वाचन   : [बेल्स / बिल्स]
```

चौकोनी कंस मी मुद्दाम वापरते. जुन्या शिलालेखांचं वाचन छापणारे लोकही कंस वापरतात, त्यांच्याकडे त्याचे नियम ठरलेले आहेत. माझे नियम घरचे आहेत, पण पानाच्या वर लिहून ठेवले आहेत. कंसात दोन शब्द तिरप्या रेघेने म्हणजे दोन्ही तितकेच शक्य. एक शब्द आणि प्रश्नचिन्ह म्हणजे तोच वाटतो, पण खात्री नाही. शब्द नसून फक्त व्यंजनं म्हणजे आकृती वाचली, शब्द लागला नाही. आणि ‘वाचता येत नाही, एक आउटलाइन’ म्हणजे आकृतीच नीट दिसत नाही. शेवटचे दोन प्रकार लोक एकत्र करतात आणि ते मला खटकतं. शब्द न लागणं ही वाचणाऱ्याची मर्यादा, ती उद्या दुसरा कुणी भरून काढू शकतो. आकृती न दिसणं ही फोटोची मर्यादा, ती नवा फोटो काढल्याशिवाय कुणाच्या बापाला भरून काढता येणार नाही.

ठिपक्यांचा त्रास निराळाच. पिटमनमध्ये ओळीवरचा एकटा ठिपका म्हणजे ‘द’, ओळीच्या वरचा म्हणजे ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’. आउटलाइनच्या सुरुवातीला ठिपका म्हणजे ‘कॉन’ किंवा ‘कॉम’, शेवटी ठिपका म्हणजे ‘इंग’. म्हणजे कागदावर माशी बसून गेली तरी एक शब्द तयार होतो. या पानावर नवव्या ओळीत एसएच आणि पी अशी आउटलाइन आहे आणि तिच्या टोकाशी ठिपका. शिपिंग. कापसाच्या पेढीला शिपिंग म्हणजे काय, रोजचाच शब्द. मी भाचीकडून मागच्या पानाचा फोटो मागवला. तो आडवा उलटा करून या पानावर ठेवला, तेव्हा ठिपक्याच्या बरोबर जागी मागच्या पानावर एक जोरात दाबलेला जाड ठिपका निघाला, शाई पाझरून इकडे आलेली. मग उरलं ते एसएच आणि पी, आरपार लिहिलेलं. शिप. वाक्यात शिपिंग जास्त गोड बसत होतं हे मी कबूल करते. पण बसणं हा कागदाचा गुण नाही.

त्यामुळे जोडी केल्याशिवाय कुठल्याही ठिपक्याला शब्द म्हणायचं नाही, असा या वहीपुरता नियम केला. मागच्या पानाचा फोटो नसला तर ठिपका पहिल्या रकान्यात ‘ठिपका, शाईचा की पाझरलेला कळत नाही’ असा राहतो आणि वाचनात शब्द कंसात जातो. यामुळे पान कंसांनी भरून जातं, हे खरं. दिसायला वाईट दिसतं. दुसरा मार्ग सुंदर दिसतो, पण त्यात वाचलेलं आणि मनाने जोडलेलं एकाच टाइपमध्ये, एकाच चेहऱ्याने उभं राहतं, आणि पुस्तकातून कुणी ते उतरवून घेतलं की ‘50 गासड्या’ हा घराण्याचा इतिहास होऊन बसतो.

नावांच्या बाबतीत मात्र मी जास्त कडक झाले. पानाच्या मध्यावर के-एल अशी आउटलाइन आहे, बाकी काही नाही. विदर्भातला कापूस म्हटलं की अकोला डोळ्यांपुढे येतंच. पण के-एलमध्ये कोल म्हणजे कोळसाही आहे, कॉल आहे, किल आहे, कूल आहे. एक गोष्ट इथे उपयोगी पडते: शिकवताना आम्हाला सांगायचे, की गावाचं, माणसाचं नाव आलं की स्वर द्यायलाच हवेत, नाहीतर टाइप करताना फसाल. या स्टेनोने पानावर दुसऱ्या एका नावाला स्वर दिले आहेत, आणि पुढच्या पानावर खामगावला तर चक्क साध्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं आहे. मग त्याने अकोल्याला स्वर दिले नसते का? हा पुरावा अकोल्याच्या विरुद्ध जातो. पक्का नाही, पण विरुद्ध. नोंदीत मी ‘के-एल’ एवढंच ठेवलं आणि खाली लिहिलं, की नावांना स्वर देण्याची या हाताची सवय दिसते, तेव्हा हे गाव असण्याची शक्यता कमी. भाचीला हे सगळ्यात कमी आवडलं. तिच्या नवऱ्याचं आजोळ अकोल्याचं आहे.

कंस करून ठेवणं म्हणजे हार मानणं असं समजणाऱ्यांसाठी एक उदाहरण आहे. चार्ल्स डिकन्स तरुणपणी गर्नी पद्धतीचं शॉर्टहँड शिकला आणि पुढे त्यात स्वतःच्या खुणा घालून त्याने ते इतकं बदललं की दुसऱ्याला वाचता येईना. 1859 सालचं त्याचं एक पत्र न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी ते लोकांपुढे ठेवलं, सोडवणाऱ्याला 300 पाउंड बक्षीस लावलं, आणि 2022 मध्ये सुमारे 70 टक्के पत्र लागल्याचं जाहीर केलं. एकेका चिन्हाला अनेकांनी अर्थ सुचवले, ते ताडून पाहिले, आणि उरलेली चिन्हं तशीच राहिली. तिथे एका अख्ख्या गर्दीला जे न लागलेलं ठेवता आलं, ते काळबादेवीच्या एका वहीबाबत ठेवायला मला लाज वाटण्याचं कारण नाही.

फोटोबद्दल एक गोष्ट राहिली. भाचीला मी पुन्हा फोटो काढायला सांगितले: फ्लॅश बंद, दिवा बाजूला, अगदी कागदाच्या पातळीवर खाली ठेवलेला, म्हणजे टाकाचा दाब खाचेसारखा दिसतो आणि जाड-बारीक शाईवरून नाही तर खाचेवरून ठरतं. पान शिवणीकडे सपाट दाबायला पारदर्शक काच. कडेला पट्टी ठेवलेली, म्हणजे दोन मिलिमीटर म्हणजे किती ते कळेल. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवायचा नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर तो दाबून बारीक होतो आणि बारीक ठिपके आधी जातात. तिने उत्तर दिलं, की वही आता नागपूरला चुलतसासऱ्यांकडे आहे, दिवाळीला तिकडे जाणं होईल तेव्हा बघते.

तोपर्यंत पुस्तक थांबणार नव्हतं. डाव्या पानावर फोटो, उजव्या पानावर ओळीगणिक वाचन, कंस जसेच्या तसे, आणि मागे एक पान तीन रकान्यांच्या नोंदींचं, असं आमचं ठरलं. भाचीने हट्टाने एकच गोष्ट मागून घेतली: चौथ्या ओळीतल्या कंसात बेल्स आधी यावं, बिल्स नंतर. दोन्ही सारखेच शक्य असतील तर कुणीतरी आधी येणारच, म्हणून मी हो म्हटलं. पण मागच्या पानावर त्या ओळीखाली टीप घातली, की कंसातला क्रम वर्णक्रम नाही, शक्यतेचा क्रमही नाही, फक्त घरच्यांची पसंती आहे. प्रत्येक नोंदीखाली वाचणाऱ्याची आद्याक्षरं आणि तारीख आहे, आणि खाली एक ओळ कोरी. दिवाळीनंतर नागपूरहून नवे फोटो आले तर ‘जागा’चा रकाना बदलेल, त्यामुळे कदाचित वाचनही. ‘दिसतं’ या रकान्यातलं माझं लिहिणं मात्र कुणी खोडायचं नाही. त्याच्याखाली दुसऱ्या शाईत आपलं लिहायचं.